हॉटेलचा टीव्ही, बंद सोर्स बटण आणि गेम : तुमचे अनुभव

मेघना_चिपळूण
काल बॅग आवरताना हातभर एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर सापडली आणि कळंगुटचा जुलै आठवला. तीन दिवस पाऊस, मुलांनी स्विच हा गेमचा कन्सोल आणलेला, आणि रिमोटचं सोर्स बटण दाबलं तर काहीच होईना. टीव्ही भिंतीला इतका चिकटलेला की मागे बोटही जाईना.

मग लक्षात आलं, खालच्या कप्प्यात सेट-टॉप बॉक्स आहे आणि टीव्ही सुरू होतो तो त्याच्याच चित्रावर. म्हणजे इनपुट बदलायची गरजच नव्हती. रिसेप्शनला विचारलं, जोडणीचा फोटो काढला, बॉक्सच्या मागची एचडीएमआय वायर काढून डॉकला, म्हणजे स्विच टीव्हीला जोडायच्या स्टँडला, लावायची ठरवली. ती आखूड पडली, म्हणून म्हापशात जाऊन ही एक्स्टेन्शन आणली.

तरी पडदा काळा! डॉकचा हिरवा दिवाच लागेना. अर्ध्या तासाने कळलं, मुलाने डॉकला मोबाईलचा चार्जर लावला होता. स्विच त्यावर चार्ज होतो, पण टीव्हीवर चित्र द्यायला डॉकला १५ व्होल्ट लागतात. मूळ अ‍ॅडॅप्टर लावला आणि चित्र आलं.

कडा मात्र कापलेल्या, कोपऱ्यातला स्कोअर दिसेना. टीव्हीचा मेनू उघडत नव्हता, ते स्विचमधूनच जमलं: System Settings, TV Settings, Adjust Screen Size. चौकट दिसेपर्यंत चित्र लहान केलं. निघताना फोटो बघून बॉक्सची वायर जागेवर लावली. त्या संध्याकाळची आठवण मुलं अजून काढतात. तुमचं काय झालं होतं, सांगा ना.

सागर९१
एवढं कशाला ताई, स्विच उठवला की टीव्ही आपोआप त्याच्या इनपुटवर जातो. Match TV Power State चालू ठेवायचं, बस. आमच्या घरी रोज होतं.

फोंड्याचा_विजू
सागर, घरी होतं हे खरं. मी अकरा वर्षं हॉटेलांत मेंटेनन्सला आहे. आमच्या टीव्हींना हॉटेल मोड असतो. त्यात सोर्स बंद, आवाजाला वरची मर्यादा, आणि सुरू झाल्यावर कुठलं इनपुट लागायचं तेही ठरलेलं. कन्सोलकडून टीव्ही बदलायची सोयही बऱ्याचदा तिथेच बंद केलेली असते. माज म्हणून नाही करत. एक पाहुणा इनपुट बदलून जातो आणि दुसरा रात्री साडेअकराला फोन करतो, टीव्ही बंद पडला म्हणून.

मेघनाताईंची युक्ती बॉक्स एचडीएमआयने जोडलेला असेल तरच. आमच्या काही खोल्यांत बॉक्सच नाही, भिंतीतून अँटेनाची जाड वायर थेट टीव्हीत जाते. तिथे काढायला काही नाही. आम्हाला बोलवा, आमच्याकडे मेनू उघडायचा मार्ग असतो, दोन मिनिटांत इनपुट उघडून देतो. नेटवरचे गुप्त कोड मात्र दाबू नका. एका पाहुण्याने दाबले, भलतंच काही बदललं आणि खोलीतले सगळे चॅनल गेले. दुपारभर मी तिथेच.

नंदा_मावशी
माझा मोबाईल टीव्हीला जोडायचा आहे, नातवाचा वाढदिवसाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायला. हीच वायर चालेल का? पुढच्या आठवड्यात मंगेशीला जातोय.

मेघना_चिपळूण
मावशी, नुसती ही नाही चालणार. मोबाईलला लावायचं वेगळं अ‍ॅडॅप्टर लागतं, आणि तेही सगळ्या फोनना चालत नाही. घरी करून बघा आधी.

खवय्या_मिरज
जुलैत कळंगुटला मासे मिळाले का? मासेमारीला बंदी ना ३१ पर्यंत?

फोंड्याचा_विजू
ट्रॉलर बंद असतात हो. नदीतले, खाडीतले मिळतात, शिवाय सुकं आहेच. सुंगटाची किसमूर खा, माशांची आठवण येणार नाही.

खवय्या_मिरज
नाव ऐकूनच भूक लागली. सॉरी, धागा गेम्सचा आहे.

सागर९१
विजूदादा, समजलं. मी पणजीला एकदा केलं होतं आणि खरंच बदललं होतं, म्हणून ठाम बोललो.

फोंड्याचा_विजू
तिथे हॉटेल मोड लावलेला नसेल. छोट्या लॉजमध्ये घरचाच टीव्ही असतो.

प्राजू_
मी पीएस ५ घेऊन गेले होते काणकोणला. चित्र आलं, पण बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारायचा. टीव्हीत गेम मोड असतो ना, तो मेनूच बंद. आवाजही वाढेना, त्यावर कंट्रोलरला इअरफोन लावले. उडीचं मात्र काहीच जमलं नाही, शेवटी सावकाश चालणारे गेम खेळलो. कुणाला त्यावर उपाय सापडलाय का? दिवाळीत परत जातोय.

फोंड्याचा_विजू
आमच्या मॉडेलला हॉटेल मोड काढला की पिक्चर मेनू दिसतो. तुमच्याकडे कुठला होता? मागचं स्टिकर वाचता आलं तर सांगा. कुळीद लावून आलो, मग बघतो.