मदत हवी आहे: लक्ष टिकत नाही, कारण झोप, चिंता की एडीएचडी, हे कसे ओळखावे?

ब्रिक्सवाला

नमस्कार. मी ३४ वर्षांचा असून वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. यंदाचा माझा अकरावा गळीत हंगाम. गेल्या दोन महिन्यांत मी तीन वेळा मिश्र रसाचा ब्रिक्स पोलच्या रकान्यात लिहिला. तिसऱ्या वेळी वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. घरी वीजबिल भरायचे राहते, गाडीची किल्ली रोज शोधावी लागते, समोरचा बोलत असताना मध्येच माझे लक्ष निघून जाते. पाळी संपल्यावर "नोंद बरोबर केली होती ना" या विचाराने छातीत धडधडते आणि मी सहकाऱ्याला फोन करून वही तपासायला लावतो.

इंटरनेटवरील तीन प्रश्नावल्या सोडवल्या. प्रौढांच्या एडीएचडीच्या सहा प्रश्नांपैकी पाच जुळले. चिंतेच्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी १४ गुण आले आणि दिवसा येणाऱ्या झोपेच्या एपवर्थ प्रश्नावलीत २४ पैकी १५. म्हणजे तिन्ही आजार आहेत असे समजायचे का? डॉक्टरकडे जायची तयारी आहे, परंतु दहा मिनिटांच्या भेटीत नेमके काय सांगावे हे कळत नाही. सांगली-मिरज किंवा कऱ्हाड-साताऱ्याकडील कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.

संथ_वाहते

दादा, झोप लागत नसेल तर कोमट दुधात चिमूटभर जायफळ उगाळून घ्यावे. आमच्या सासूबाईंना याने फार गुण आला.

ब्रिक्सवाला

आभारी आहे ताई, पण मला झोप लागत नाही असे नाही. मिळाली की लगेच लागते, मिळतच नाही.

हळदपेठ

तुमच्या याच वाक्यात उत्तर आहे. पाळीची नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हे होते, त्याला आजाराचे नाव कशाला? आणि खात्रीच करायची असेल तर सोपा उपाय आहे. माझ्या पुण्यातील भाच्याला डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केले आणि आठवड्यात तो माणसात आला. गोळीने लक्ष लागले तर एडीएचडी, नाही लागले तर नाही. तुमच्या डॉक्टरांना चार दिवस गोळी देऊन बघायला सांगा.

अजिंक्यतारा_पायथा

मी साताऱ्यात २२ वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत आहे. इथे निदान करता येणार नाही, पण कोणत्या क्रमाने विचार करावा ते सांगतो.

हळदपेठ यांचे झोपेबद्दलचे बोलणे अर्धे बरोबर आहे. गोळीची परीक्षा मात्र चुकीची आहे. हे औषध झोप अपुरी असलेल्या निरोगी माणसालाही काही तास तरतरी देते, त्यामुळे गुण आला एवढ्यावरून निदान ठरत नाही. उलट नाडी आणि रक्तदाब वाढून चिंता असणाऱ्याची धडधड वाढू शकते आणि आधीच तोकडी असलेली झोप आणखी पुढे ढकलली जाते. दुसऱ्याच्या नावावरची गोळी तर कोणीही घेऊ नये.

आता ब्रिक्सवाला यांच्यासाठी. प्रश्नावल्या चाळणीसारख्या असतात. काय अडकले ते सांगतात, ते कशामुळे अडकले ते सांगत नाहीत. त्यामुळे एकूण गुण बाजूला ठेवा आणि जीएडी-७ मधल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे पाहा. आराम न वाटणे, एका जागी बसवत नसणे आणि चिडचिड, हे तीन प्रश्न न झोपलेला माणूस किंवा एडीएचडी असलेला माणूसही "रोजच" म्हणून सोडवू शकतो. उरलेले चार खुद्द काळजीविषयी आहेत. त्यांत तुमचे किती गुण आहेत आणि काळजी कशाची असते?

दुसरे, तिन्ही पाळ्यांमधली प्रत्यक्ष झोप तासांत लिहा. घरी आल्याची वेळ नको, डोळा लागल्याची आणि जाग आल्याची वेळ हवी.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारखाना बंद असताना, म्हणजे मे ते सप्टेंबर, तुम्ही कसे असता? बहुतेक रुग्णांची झोप बारा महिने सारखीच बिघडलेली असते, त्यामुळे तुलना करायला काही सापडत नाही. तुमच्याकडे अकरा वर्षांची तुलना आयती पडून आहे.

ब्रिक्सवाला

डॉक्टरसाहेब, पहाटे ४ ते १२ च्या पाळीसाठी ३ वाजता उठतो. घरात मुले असल्याने पावणेअकराच्या आत डोळा लागत नाही, म्हणजे सव्वाचार तास. दुपारी १२ ते ८ च्या पाळीत पावणेसात तास मिळतात. रात्री ८ ते ४ ची पाळी करून घरी येतो, ५ ला झोपतो आणि साडेनऊला उन्हाने व गल्लीतल्या आवाजाने जाग येते, म्हणजे साडेचार तास. तीन आठवड्यांची सरासरी ५ तास १० मिनिटे निघाली. हिशेब मांडेपर्यंत मी लोकांना सहा-सात तास झोपतो असे सांगत होतो. रात्रपाळीत पाच-सहा चहा होतात, शेवटचा ३ च्या सुमारास.

जीएडीच्या त्या तीन प्रश्नांत ८ गुण आहेत आणि काळजीच्या चारांत ६. काळजी जवळजवळ सगळी नोंदींची आणि नोकरीची असते. बंद हंगामात मी कसा असतो हे मात्र खरोखर आठवत नाही. मी नेहमीच असा आहे असे वाटते.

मिरजकरीण

आमच्या यजमानांनाही असेच होत होते. विसरणे, चिडणे, टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलकी. सगळे म्हणायचे टेन्शन आहे. शेवटी एका डॉक्टरांनी मला, म्हणजे बायकोला, विचारले की रात्री घोरताना मध्येच श्वास थांबतो का. थांबत होता! रात्रभराची झोपेची तपासणी झाली, मशीन लागले आणि माणूस बदलला. तुम्ही आधी तीच तपासणी करा, बाकी सगळे नंतर.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, तुम्ही सांगितलेले कारण खरेच निसटते, कारण झोपणाऱ्याला ते दिसत नाही. तपासणी सर्वांनाच लागते असे नाही. घोरताना श्वास थांबणे, गुदमरून जाग येणे, सकाळी डोके दुखणे, वाढलेला रक्तदाब, जाड मान यांपैकी काही असेल तर ती आधी करावी. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ पाहून घ्यावे; तिथेच कारण सापडले तर पुढचा बराच ऊहापोह वाचतो.

ब्रिक्सवाला, सव्वापाच तास ही मोठी तूट आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले, तेव्हा त्यांच्या लक्षाची घसरण एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांच्या तोडीची झाली. विशेष म्हणजे ती त्यांची त्यांना फारशी जाणवत नव्हती. त्यामुळे "मला सवय आहे" हे वाक्य मी पुरावा म्हणून घेत नाही. रात्रपाळीनंतर दुचाकीने जात असाल तर निघण्यापूर्वी वीस मिनिटे तिथेच झोपा. निदान नंतर करता येईल.

लक्ष सुटते तेव्हा मन जाते कुठे, हेही आठवडाभर टिपून ठेवा. चिंतेत ते बहुधा ठरलेल्या भीतीकडे जाते. एडीएचडीत ते कुठेही जाते, अगदी आनंदाच्या गोष्टीकडेही, आणि आवडीच्या कामात तासन्‌तास अडकूनही बसते. झोप अपुरी असेल तर ते कुठेच जात नाही, मधले काही क्षण कोरेच राहतात. हा खुणेचा दगड आहे, मोजपट्टी नव्हे.

हळदपेठ

गोळीचे मागे घेतो. पण मग लहानपणाचे विचारतात ते का? भाच्याच्या वेळी प्रगतिपुस्तके मागवली होती.

अजिंक्यतारा_पायथा

कारण एडीएचडी तिशीत नव्याने सुरू होत नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या मार्गदर्शिकेनुसार बारा वर्षे वयाच्या आधी अनेक लक्षणे दिसलेली असावी लागतात, आज प्रौढाला किमान पाच असावी लागतात, आणि ती घर व काम अशा एकाहून अधिक ठिकाणी नुकसान करणारी असावी लागतात. "हुशार आहे पण लक्ष देत नाही" हा शेरा तर निम्म्या महाराष्ट्राच्या प्रगतिपुस्तकात सापडेल. एका शेऱ्यावर मी जात नाही, पण चांगले गुण होते म्हणून एडीएचडी नाही असेही म्हणत नाही.

ब्रिक्सवाला (सुमारे अडीच महिन्यांनी)

धागा वर काढत आहे. मार्चच्या मध्यावर पट्टा पडून गाळप संपले आणि सध्या ओव्हरहॉलिंगमुळे सकाळी ८ ते ५ अशी एकच पाळी आहे. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे मी घोरतो, पण श्वास थांबत नाही.

पहिले दहा दिवस नऊ-नऊ तास झोपलो, नंतर झोप साडेसात तासांवर स्थिरावली. सहा आठवड्यांनी तिन्ही प्रश्नावल्या पुन्हा सोडवल्या. एपवर्थ १५ वरून ६ वर आले आणि जीएडी १४ वरून ७ वर. वहीत ते "कोरे" क्षण हंगामात रोज होते, आता जवळजवळ नाहीत. सहकाऱ्याला फोन करणे थांबले, अर्थात आता चुकण्यासारख्या नोंदीही कमी आहेत. पण एडीएचडीच्या सहापैकी चार अजूनही जुळतात. किल्ली अजून हरवते. अर्धवट कामांची यादी पत्नीने फ्रिजवर लावली आहे. तिच्या मते मी लग्न झाल्यापासून उन्हाळ्यातही असाच आहे.

आईला विचारले. तिसरीपर्यंत मी दप्तर दोनदा शाळेत आणि एकदा एसटीत विसरलो होतो. परंतु ती हेही म्हणाली की चौथीपासून मी पहाटे चारला उठून वडिलांबरोबर धारा काढून डेअरीला दूध घालायला जात असे, आणि वर्गात पेंगतो ही तक्रार तेव्हापासूनची आहे. म्हणजे लहानपणाच्या पुराव्यातही झोप मिसळलेली आहेच. आता काय समजावे?

अजिंक्यतारा_पायथा

फार चांगली नोंद ठेवलीत. झोप भरल्यावर जे गेले त्यात झोपेचा वाटा मोठा होता असे म्हणता येईल. काळजी नोंदींना चिकटलेली होती आणि नोंदी बदलताच उतरली, त्यामुळे स्वतंत्र चिंताविकाराची शक्यता मला कमी वाटते. ती संपली असे मी म्हणत नाही, कारण हंगाम नाही म्हणजे भीतीचे कारणही समोर नाही. ते नोव्हेंबरमध्येच दिसेल.

जे उरले आहे त्यासाठी तज्ज्ञाकडे जाणे आता योग्य ठरेल. चौथीनंतरचे शेरे तूर्त बाजूला ठेवा. तिसरीपर्यंतचे सांगू शकेल असे आईशिवाय कोणी आहे का? सुट्टीत कुठे राहायला जात होता? तिथे पहाटे उठावे लागत नसेल, तर तिथले वागणे जास्त बोलके असेल.

मिरजकरीण

तरी एकदा ती तपासणी कराच हो.

ब्रिक्सवाला

ताई, डॉक्टरांना विचारतो. डॉक्टरसाहेब, मे महिना मी तासगावला मामाकडे असायचो आणि तिथे आठ वाजेपर्यंत झोपू देत. मामांना आत्ताच फोन केला. ते हसले आणि म्हणाले की तुला द्राक्षाच्या बागेत पाण्याची मोटर बंद करायला पाठवले की तू झाडावर सापडायचास आणि मोटर चालूच असायची. पण माझा मामेभाऊही तसाच होता म्हणे, आणि तो आज तलाठी आहे. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. झोपेची वही, प्रश्नावल्या आणि पत्नी, तिघांनाही घेऊन जातो.