‘पोच १२,०००’ म्हणजे नेमके काय?

अहवालवाली: सांगलीतील एका भांड्यांच्या दुकानाच्या फेसबुकवरील जाहिरातींचा अहवाल मी दरमहा मराठीत करून देते. या वेळी ‘इम्प्रेशन्स’साठी ‘ठसे ४८,०००’ आणि ‘रीच’साठी ‘पोच १२,०००’ असे लिहिले. ठशांवर मालक नुसते हसले, परंतु पुढची ओळ वाचून त्यांनी विचारले, “बारा हजार जणांची पोच आली असेल, तर सह्या कुठे आहेत?” चलनावर माल मिळाल्याची सही घेतात, तीच त्यांची पोच. दुसरे शब्द सुचवावेत.

जुना मुद्रितशोधक: आपण दोन शब्दांची गल्लत केली आहे. पावतीची ती ‘पोच’ आणि आवाका सांगणारी ती ‘पोहोच’. ठशांऐवजी ‘दर्शनसंख्या’ लिहावे.

छापखान्याशेजारी: ‘दर्शनसंख्या’ म्हटले की पंढरपूरची रांग डोळ्यांसमोर येते. आम्ही वर्तमानपत्राच्या जाहिराती घेत असू, तेव्हा खप आणि वाचकसंख्या असे दोन आकडे सांगत असू. इम्प्रेशन्सना सरळ ‘खप’ म्हणा.

आकडेमोड: तेथे हिशेब उलटा आहे. एक अंक घरातले चौघे वाचतात, म्हणून वाचकसंख्या खपापेक्षा मोठी असते; येथे एकाच माणसाला जाहिरात चारदा दिसते, म्हणून माणसांचा आकडा लहान असतो. माझ्या मते नामाचा हट्ट सोडून सरळ वाक्य लिहावे: ‘जाहिरात ४८,००० वेळा दिसली; ती सुमारे १२,००० जणांना दिसली, म्हणजे प्रत्येकाला सरासरी ४ वेळा.’ क्रियापद ‘दिसली’ हेच ठेवावे, ‘पाहिली’ नको, कारण जाहिरात पडद्यावर आली एवढेच तो आकडा सांगतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने सात दिवसांचे रोजचे ४,००० जण मिळवून २८,००० केले आणि आठवड्याच्या रकान्यात ११,००० पाहून मी आकडा दाबला असे ठरवले. सोमवारी ज्याला जाहिरात दिसली, त्यालाच ती मंगळवारीही दिसते. त्यामुळे वेळांची बेरीज करता येते, जणांची येत नाही.

अहवालवाली: वाक्य पटले. पण मोजणी तर खात्यांची होते आणि एकाच माणसाची दोन खाती असू शकतात. ‘जण’ लिहिणे खोटे ठरणार नाही का?

आकडेमोड: दुकानदाराला ‘१२,००० खाती’ म्हणून पाहा, तो उधारीची वही काढेल. तो आकडा अंदाजाचाच असतो, म्हणून ‘सुमारे’ मात्र गाळू नये.

जुना मुद्रितशोधक: रकान्याच्या डोक्यावर अख्खे वाक्य कसे मावणार? तेथे ‘पोहोच’च हवी.

छापखान्याशेजारी: ‘पोच’ हे ‘पोहोच’चेच आखूड रूप आहे, आमच्या आवक-जावक वहीत दोन्ही सापडतील. शिवाय ‘त्याला पोच नाही’ म्हणतो, ती कोणती?

जुना मुद्रितशोधक: ती समज. तीही मुळात ‘पोहोच’च असणार, एवढे मान्य करतो, पण लिहिताना फरक पाळावा.