मोठेपणी शिकायला घेतलेलं काही: महिन्याभराने काय उमगलं? (अनुभव धागा)

केतकी_निगडी: शेजारच्या पोराचा तबला ऐकू आला आणि जुनी डायरी काढली. चाळिशीत क्लास लावला होता, त्यातलं तिसाव्या दिवसाचं पान तसंच टंकते:

"आज तीनतालातला डग्गा ऐकू आला. इतके दिवस मनात सोळा मोजत वाजवत होते. सर म्हणाले, आकडे सोड, घुमारा कुठे जातो ते ऐक. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेला 'तिं' आला की घुमारा गायब, तेराव्यापर्यंत नुसता तबला बोलतो. चौदाव्याला 'धिं'बरोबर डग्गा परत येतो, मग धिं, धा आणि सम. म्हणजे सम येतेय हे तीन मात्रा आधीच कळतं! संध्याकाळी रेडिओवरच्या ख्यालात न मोजता समेवर मान हलली. दुगुनीत मात्र अजून गाडी घसरते."

तुम्हीही लिहा. तबलाच हवा असं नाही.

पोहेवाला: पण खाली नवव्याला ना? तिथे तर धा आहे. मग हात तिथे का हलवतात?

नाना_सातारकर: टाळी-खालीच्या हिशोबात नववीच. ठेक्यात डग्गा एक मात्रा उशिरा मिटतो आणि उघडतोही एक मात्रा उशिरा. काही जण नवव्यालाच 'ना' घेतात, तिथे खालीबरोबर घुमारा जातो. आमच्याकडे 'धा'च. असं का, यावर दोन तबलजी बसवा आणि चहा मागवा.

मृदुला: सोपं आहे, खाली नेहमी तालाच्या मधोमध येते.

नाना_सातारकर: रूपक वाजवून बघा ताई. सातच मात्रा, आणि पहिलीच खाली. समेवरच डग्गा गप्प!

मृदुला: अरेच्चा. आम्ही भजनी ठेक्यापलीकडे गेलोच नाही 😀

सुगंधा_कोल्हापूर: मी पेटी शिकतेय, पण विचारून घेते, बोटं सुजतात का तुमची? भाच्याची तर्जनी सुजलीय. 'ना' जोरात मारतो पण टणत्कार येत नाही, बद्द वाजतं.

केतकी_निगडी: अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली राहते का बघा. आणि चाटीवर मारल्यावर तर्जनी लगेच उचलायची. चिकटून राहिली की आवाज मरतो, मग माणूस आणखी जोर लावतो.

पोहेवाला: पावसाळ्यात आमचा तबला आपोआप उतरतो, तेव्हा हातोडीने गठ्ठे ठोकायला बायको सगळ्यात पुढे. वाजवायला बसलो की मात्र तिला गिरणीत जायचं असतं.

सुगंधा_कोल्हापूर: 😂 कुकर झाला, नंतर येते. अनामिकेचं सांगते त्याला.

अनिकेत_ठाणे: दुगुनीचं कुणी सांगा की. हात पळतात, सम हुकते.

नाना_सातारकर: हात बाजूला ठेवा. टाळी त्याच संथ लयीत द्या आणि तोंडाने एका मात्रेत दोन बोल म्हणा. एका आवर्तनात ठेका दोनदा बसला पाहिजे. म्हणजे टाळी खालीवर असताना तोंडात दुसऱ्यांदा पहिला 'धा' यायला हवा. तिथे दुसरंच काही येत असेल तर लय तुम्हीच ओढलीत.

अनिकेत_ठाणे: आत्ता लोकलमध्ये करून बघितलं. 'तिं'वर आलो. समोरचे काका बघतायत.