मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये 'असेल' कसं म्हणायचं?

बी वन लेव्हलला आहे, फ्यूचर आणि कंडिशनलमध्ये गोंधळ उडालाय. इर्रेग्युलर रूपं पाठ झाली, तेनेरचं मूळ तेंद्र होतं आणि दोन्ही काळात तेच चालतं, म्हणून तेंद्रा आणि तेंद्रीआ, तिथे काही अडचण नाही.

अडलंय ते अंदाजाला. 'तो घरी असेल' ला एस्तारा एन कासा, हे लगेच पटलं कारण आपणही भविष्यकाळच वापरतो. पण टेस्टमध्ये 'मी पोचले तेव्हा दहा वाजले असतील' ला मी सेरान लास दिएस लिहिलं आणि ते चुकलं, सेरीआन लास दिएस हवं होतं म्हणे. म्हणजे आत्ताचा अंदाज फ्यूचरने आणि त्या वेळचा कंडिशनलने, असंच ना? मराठीत दोन्हीकडे 'असतील'च येतं म्हणून माझा घोळ होतो बहुतेक. मग 'तो आला असेल' ला आब्रा वेनीदो का? तिथे तर सेरान सारखंच फ्यूचर दिसतंय!! आणि नुसतं एस्तारीआ कान्सादो ऐकलं तर 'दमला असेल तेव्हा' की 'दमला असता', हे कशावरून ओळखता, फक्त पुढे जर-तर आहे का त्यावरून?

अजून एक, कॅफेत नम्रपणे मागायला केर्रीआ म्हणायला जाते आणि तोंडातून केरीआ निघतं, एका र चा फरक. तेही नम्रच वाटतं ना, की सरळ पोद्रीआ वापरू?