शब्दचर्चा: डाएट प्रॉब्लेममधली "किमान गरज" – हिला मर्यादा म्हणायचं, अट म्हणायचं की बंधन?

टिळकवाडी_बेळगाव:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात बीएस्सीची बरीच पोरं मराठी शाळेतनं आलेली आहेत, त्यांच्यासाठी लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात. पहिलं उदाहरण डाएट प्रॉब्लेमचंच घेतलंय, म्हणजे सगळ्यात कमी पैशात असं खाणं निवडायचं की अंगाला लागणारी ऊर्जा, प्रोटीन, कॅल्शियम कमीत कमी तेवढं तरी मिळालंच पाहिजे. आता कन्स्ट्रेंटला मी "मर्यादा" लिहिलं आणि पोरांनी "प्रोटीनची मर्यादा ५४ ग्रॅम" हे वाचून सरळ ≤ ५४ मांडलं. निम्म्या वर्गानं हेच केलंय म्हटल्यावर शब्दातच काहीतरी गडबड आहे असं वाटतंय. तुम्ही काय म्हणता?

वडगावची_ताई:
सर, ५४ ग्रॅम प्रोटीन डाएटमध्ये जरा जास्तच होतंय असं मला वाटतं. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, डॉक्टरांनी भात बंद करून भाकरी सांगितलीय, पण रोज डाळ-उसळ खाल्ली की पोट फुगतं त्यांचं. वजन कमी करायचं असेल तर रात्रीचं जेवण सातच्या आत करा.

टिळकवाडी_बेळगाव:
ताई, हे वजन कमी करायचं डाएट नव्हे हो, गणितातला प्रश्न आहे. सासूबाईंचं डॉक्टरांनाच विचारलेलं बरं. पण यावरनं कळलं की "डाएट" म्हटलं की लोकांना आधी वजनच आठवतं, मग मथळ्यात "स्वस्त पोषणाचा हिशोब" असं काहीतरी लिहावं लागेल.

गणित_खानापूर:
सर, पोरांनी जे ≤ मांडलं ते सोडवून बघितलं का? उत्तर शून्य येतं. ज्वारी शून्य, डाळ शून्य, दूध शून्य, खर्च ₹०. कारण सगळ्याच अटी "इतक्याच्या आत" अशा झाल्या तर काहीच न खाणारा माणूस त्या सगळ्या पाळतो, आणि त्याहून स्वस्त काय असणार? उत्तर शून्य आलं की पहिल्यांदा चिन्हं तपासा असं पोरांना सांगून ठेवा.

शब्दाचं म्हणाल तर मराठीत मर्यादा ओलांडायची नसते, म्हणजे ती वरच्या बाजूचीच झाली. वेगमर्यादा, वयोमर्यादा सगळं तसंच. म्हणून मी वर्गात "अट" म्हणतो. अट दोन्हीकडनं चालते, "कमीत कमी इतकं हवं" ही पण अट आणि "इतक्याच्या वर नको" ही पण अट.

निपाणीकर:
मला वाटतं ≥ ची भानगडच नको. खर्च कमीत कमी करायचा म्हटल्यावर कोण कशाला जास्तीचं प्रोटीन विकत घेईल? उत्तर बरोबर गरजेवरच येऊन थांबणार, मग सरळ = लिहा की, पोरांना समीकरणं सोडवायची सवय असतेच.

गणित_खानापूर:
निपाणीकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. काही अटी बरोबर काठावर येतात, पण सगळ्या नाही येत. आकड्यावरच बघू या. भाव हिशोबाला सोपे धरलेत, १०० ग्रॅमला ज्वारी ₹४, तूरडाळ ₹१४, म्हशीचं दूध ₹६. गरज बैठं काम करणाऱ्या पुरुषाची, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे, फक्त २११० कॅलरी आहेत त्या २१०० धरल्यात. ज, त, द म्हणजे ज्वारी, तूर, दूध किती शंभर ग्रॅम ते.

```
खर्च कमीत कमी:  ४ज + १४त + ६द
ऊर्जा:      ३५०ज + ३३५त + ११७द ≥ २१००
प्रोटीन:     १०ज + २२त + ४.३द ≥ ५४
कॅल्शियम:   २५ज + ७३त + २१०द ≥ १०००
ज, त, द ≥ ०
```

उत्तर येतं ज्वारी ४५९ ग्रॅम, दूध ४२२ ग्रॅम, तूरडाळ शून्य, खर्च साधारण ₹४३.६५. ऊर्जा आणि कॅल्शियम बरोबर काठावर, पण प्रोटीन ६४ ग्रॅम येतं, हवं होतं ५४. ते कुणी मुद्दाम विकत घेतलेलं नाही, कॅलरी भरता भरता ज्वारीतनं आपोआप आलं. आता तुम्ही तिन्हीकडं = लिहिलं तर तीन अज्ञात तीन समीकरणं, एकच उत्तर निघणार, आणि त्यात डाळ उणे येते.

निपाणीकर:
उणे डाळ म्हणजे? बाजारात जाऊन विकायची?

गणित_खानापूर:
अगदी तेच, गणिताला तसंच वाटतं. म्हणून ती शेवटची ≥ ० ची ओळ बिनकामाची समजून गाळू नका. ती काढली तर १०० ग्रॅम डाळ विकून ₹१४ घ्यायचे, तेवढंच प्रोटीन २२० ग्रॅम ज्वारीतनं ₹८.८० ला मिळतं, कॅल्शियम जरासं कमी पडतं ते थोड्या दुधानं भरायचं, तरी हातात पैसे उरतातच. मग हे कितीही वेळा करत बसा, खर्च खाली खालीच जातो, थांबत नाही. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये `Make Unconstrained Variables Non-Negative` वर टिकमार्क करायची राहून गेली की `The Objective Cell values do not converge` म्हणतो, ते यामुळंच.

चिकोडीचा_शेतकरी:
मला गणितातलं फार कळत नाही पण काय बोलूलाय ते ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो. आमच्या गोठ्यात हेच चालतं, गाईला कडबा किती, मक्याचा भरडा किती, सरकी पेंड किती, खर्च कमी आणि दूध तुटायला नको. पशुखाद्यवाले याला रेशन बॅलन्सिंग म्हणतात. पण आमच्यात पहिली अट वरची असते बघा, गाईच्या पोटात मावायला पाहिजे. वजनाच्या अडीच-तीन टक्के सुका चारा-खुराक धरून, त्याच्या वर ती खातच नाही. तुमच्या मांडणीत माणसाचं पोट कुठं आहे? आणि कॅल्शियमला दूधच कशाला, नाचणी घाला की, आमच्याकडं बाळंतिणीला तीच देतात.

गणित_खानापूर:
दादा, दोन्ही मुद्दे एकदम नेमके. नाचणी घालून सोडवलं. १०० ग्रॅमला ३२८ कॅलरी, ७.३ प्रोटीन, ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, भाव ₹४.५० धरला. दूध पूर्ण बाहेर फेकलं गेलं. ज्वारी ३५२ ग्रॅम, नाचणी २६५ ग्रॅम, खर्च ₹२६. एक धान्य वाढवलं आणि ₹४३.६५ चे ₹२६ झाले. प्रोटीन मात्र आता ५४.५, म्हणजे काठाला जवळजवळ टेकलंच.

पण हे ताटात वाढून बघा. सहाशे ग्रॅमच्या वर पीठ, दहाएक भाकऱ्या, आणि सोबत काहीच नाही, ना भाजी ना आमटी. गणितानं चूक केली नाही, आपण जेवढं सांगितलं तेवढंच त्यानं पाळलं. मूळ प्रश्नाचंही असंच झालंय. स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन हा हिशोब केला, तेव्हा अचूक सोडवायची रीतच नव्हती, त्यानं अंदाजानं पदार्थ गाळत गाळत वर्षाला ३९.९३ डॉलर काढले, १९३९ च्या भावानं. त्यात गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुकी घेवड्याची बी, एवढंच. मग १९४७ मध्ये असे प्रश्न अचूक सोडवायची डँट्झिगची सिंप्लेक्स रीत याच प्रश्नावर हातानं फिरवायच्या यंत्रांनी चालवून बघितली, अचूक उत्तर आलं ३९.६९. माणसाचा अंदाज २४ सेंटांनी चुकला होता फक्त!

वडगावची_ताई:
नुसती भाकरी कोण खाईल हो, आणि भाकरीतलं प्रोटीन आणि डाळीतलं प्रोटीन एकच धरलंय तुम्ही? आमच्याकडं अंगणवाडीत सांगतात की धान्याबरोबर डाळ पाहिजेच, नाहीतर अंगी लागत नाही.

गणित_खानापूर:
ताई, हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. आपली ओळ फक्त ग्रॅम मोजते, म्हणून तिला डाळ महागच दिसते. लायसिनची वेगळी ≥ ची ओळ घातली तर डाळीला जागा मिळायची शक्यता वाढते. नाचणीतलं कॅल्शियमही सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य आडवं येतं, म्हणजे ३४४ च्या जागी कमी आकडा धरायला पाहिजे. किती कमी, यावर एकमत दिसत नाही, म्हणून मी तसाच ठेवलाय.

टिळकवाडी_बेळगाव:
मी चिकोडीच्या दादांची पोटाची अट घालून बघितली, धान्य सगळं मिळून ४०० ग्रॅमच्या वर नको, आणि शेंगदाणे ₹१३ ला १०० ग्रॅम धरून घेतले. ज्वारी १५५, नाचणी २४५, शेंगदाणे १३३ ग्रॅम, खर्च ₹३४.५०. एकट्या त्या अटीची किंमत साडेआठ रुपये झाली म्हणा. आणि आता खरी "मर्यादा" आली बघा, ≤ वाली! मग असं करू या का, खालच्याला "किमान अट", वरच्याला "मर्यादा", आणि दोन्ही मिळून "अटी"?

निपाणीकर:
हे पटलं. पण कन्नड पुस्तकात "निर्बंध" लिहितात असं आमच्या पोरगीकडनं ऐकलंय, इकडची निम्मी पोरं दोन्हीकडचं वाचतात, तोच शब्द ठेवला तर दोन्हीकडं जमेल की.

गणित_खानापूर:
निर्बंध म्हटलं की मराठी कानाला बंदीच आठवते, लॉकडाऊनचे निर्बंध वगैरे. परत ≤ कडं ओढलं जाणार. मला नाही पटत, पण कन्नड वाचणाऱ्यांना सोपं जाईल हेही खरं.

अजून एका शब्दाचं बघा, शॅडो प्राइस, म्हणजे एखादी गरज जराशी वाढली तर खर्च किती वाढतो ते. नाचणी नसताना कॅल्शियमची गरज ५० मिलिग्रॅमनं वाढली तर खर्च ₹१.१६ नं वाढतो, नाचणी आल्यावर फक्त १२ पैशांनी. आणि प्रोटीनची किंमत दोन्हीकडं शून्य, कारण ते काठावर नव्हतंच. "छाया किंमत" लिहिलं तर पोरं सावलीच शोधत बसतात.

चिकोडीचा_शेतकरी:
आमच्या भाषेत "एकानं वाढवलं तर किती पडतंय" असं विचारतात. "वाढीव पडता" म्हणा की, व्यापारी लोक पडता शब्द वापरतातच.

टिळकवाडी_बेळगाव:
"वाढीव पडता" मला आवडला, पण दुसऱ्या कॉलेजातल्या सरांना पुस्तकी वाटणार नाही म्हणून तेच हरकत घेतील. नोट्समध्ये पहिल्यांदा "शॅडो प्राइस" आणि पुढं पडता असं लिहून बघतो. आणि शेंगदाण्याबरोबर गोडेतेल घातलं नव्हतं मी, १०० ग्रॅमला ९०० कॅलरी असल्यावर तेही आत शिरणार, मग तेलाला वरची मर्यादा किती ठेवायची? घरात माणशी महिन्याला किती तेल लागतं, जरा खरं खरं सांगा, म्हणजे आकडा तसाच धरतो.