अनुभव धागा: वॉरंटीतला नळ बदलून मिळावा म्हणून दुकानदाराला लिहिलेलं पत्र

माडाखालचा (देवगड)

मंडळी, नळ, शॉवर, अँगल कॉक असलं काही वॉरंटीत खराब झालं आणि दुकानदाराला लेखी पत्र दिलं, असं कोणाच्या बाबतीत झालंय का? काय लिहिलंत आणि त्याने काय केलं ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून.

स्वयंपाकघरात भिंतीतला सिंक कॉक, फिरत्या तोटीचा, पितळी बॉडी वर क्रोम. कार्डावर 7 वर्षांची वॉरंटी. चार महिनेपण झाले नसतील, ओट्यावर सतत ओल. घरचे म्हणाले वायसर गेला, प्लंबर म्हणाला टेप कमी पडली असेल, दुकानदार फोनवर म्हणाला पाणी खारट असणार तुमचं. तिघांची तीन उत्तरं आणि नळ कोणी बघितलेला नाही! मग एका ओळखीच्या काकांनी (हार्डवेअरमध्ये आयुष्य गेलेले) सांगितलं की पत्रात "नळ गळतो" एवढंच लिहू नको, गळतो कुठून ते शोध आणि तेच लिही. त्याप्रमाणे हे पत्र दिलं, दुकानाचं नाव आणि मॉडेल काढून जसंच्या तसं टाकतोय:

> दि. 10 मार्च 2025
>
> प्रति, मालक, (दुकानाचे नाव)
>
> विषय: वॉरंटीतील सदोष सिंक कॉक बदलून मिळण्याबाबत
>
> महोदय,
> मी आपल्याकडून दि. 14 नोव्हेंबर 2024 रोजी बिल क्र. (…) ने एक सिंक कॉक, मॉडेल कोड (…), रु. 1,850 ला विकत घेतला. सोबतच्या कार्डावर 7 वर्षांची वॉरंटी लिहिलेली आहे.
>
> दि. 3 मार्च 2025 पासून नळ पूर्ण बंद असतानाही बॉडीच्या खालच्या अंगाने, फ्लॅन्जपासून साधारण दोन बोटे पुढे, पाणी पाझरते. फ्लॅन्ज मागे सरकवून पाहिला, भिंतीतला सांधा कोरडा आहे. तोटीच्या तोंडातून गळत नाही. जागा पुसून घेतल्यावर त्याच एका बिंदूवर पुन्हा थेंब धरतो. म्हणजे दोष बॉडीच्या ओतकामात आहे, फिटिंगमध्ये किंवा कार्ट्रिजमध्ये नाही.
>
> नळ अजून काढलेला नाही. आपण किंवा कंपनीच्या माणसाने येऊन पाहावे, आणि हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याच मॉडेलचा नवीन नळ बदलून द्यावा ही विनंती. बॉडीला भोक असल्याने दुरुस्ती मला मान्य नाही.
>
> सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची झेरॉक्स, फोटो.
> प्रत: कंपनीचा ग्राहक सेवा विभाग
>
> आपला, (नाव, पत्ता, फोन, सही)

दोन प्रती नेल्या, एकीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेतली. आधी शिक्का द्यायला का-कू चाललं होतं, पण कंपनीला प्रत गेलीय हे शेवटी वाचलं आणि सूर बदलला. नळ बदलून मिळाला. आता तुमचं सांगा.

पाना_आणि_टेप (रत्नागिरी)

मी प्लंबिंगच्याच धंद्यात आहे. पत्र चांगलं आहे कारण त्यात "नळ बंद असतानाही" हे शब्द आहेत. दुकानदार ते वाचून जातो पण कंपनीचा माणूस तिथेच थांबतो. का ते सांगतो. नळ बंद असताना कार्ट्रिजच्या मागचा भाग, म्हणजे भिंतीकडचा, टाकीच्या दाबाखाली असतो. पुढचा भाग रिकामा. त्यामुळे बंद असताना बॉडी पाझरते म्हणजे भोक मागच्या भागात, तिथे ओ-रिंग नाही, वायसर नाही, नुसतं पितळ. तिथे दुसरं कारण सांगायला फार जागा उरत नाही, फक्त चीर गेली नाही ना ते बघायचं. पान्याने आवळताना पडलेली चीर लांब रेघेसारखी असते आणि बहुतेक आट्याजवळून सुरू होते, ओतकामातलं भोक टाचणीच्या टोकाएवढं एकटंच असतं.

आणि नळ चालू असतानाच फक्त तोटीच्या बुडाशी पाणी येत असेल तर ती फिरत्या तोटीची ओ-रिंग, दहा-वीस रुपयांचा माल. त्याच्यासाठी नवीन नळ मागितलात तर कोणी देणार नाही आणि मागूही नये.

कसं ओळखायचं: नळ बंद करा, सगळा कोरडा पुसा, मग टिश्यू पेपरचे तुकडे तीन जागी गुंडाळा, फ्लॅन्जच्या मागे, बॉडीवर, तोटीच्या तोंडाला. जो पहिला भिजेल तो गुन्हेगार. फ्लॅन्ज मागे सारल्याशिवाय करू नका, सांध्यातलं पाणी फ्लॅन्जच्या आतून बॉडीवर ओघळतं आणि वाटतं बॉडीच गळतेय. निम्म्या तक्रारी इथेच चुकतात.

सुपारीची_बाग (श्रीवर्धन)

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं तेही पहाटे, ग्रामपंचायतीत अर्ज दिला तर शिक्कासुद्धा मारत नाहीत. हे पत्र त्यांना चालेल का?

माडाखालचा (देवगड)

ताई हा धागा दुकानातून आणलेल्या नळाचा आहे हो, नळयोजनेचा नाही 😀 पण दोन प्रती आणि पोच हे तिकडेही चालेल, ग्रामपंचायतीत आवक क्रमांक मागा.

ग्राहकराजा७७ (पनवेल)

एवढं लांबण कशाला? ग्राहक कायद्यात प्रत्येक वस्तूवर 2 वर्षांची गॅरंटी आहेच, कार्ड असो नसो. सरळ 1915 ला फोन लावायचा, दुकानदार घरी येऊन देतो.

काळा_कोट_नाही (अलिबाग)

दादा, 1915 बरोबर आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे ती, आणि बऱ्याचदा कंपनी तिथून हलतेही. पण 2 वर्षांचं तुम्ही उलटं धरलंय. 2019 च्या कायद्यातली 2 वर्षं ही आयोगात तक्रार करायची मुदत आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासूनची. वॉरंटी किती ते कार्डावर असेल तेवढं. म्हणून तर पत्रात खरेदीची तारीख वेगळी आणि दोष दिसल्याची तारीख वेगळी पाहिजे, पहिलीवरून वॉरंटी मोजतात, दुसरीवरून मुदतीचा हिशोब सुरू होऊ शकतो. बऱ्याच पत्रांत दुसरी तारीख नसतेच, "गेले काही दिवस" लिहितात.

आणि जिल्हा आयोगात जायचं झालं तर 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार दुकानदार आणि कंपनी दोघांवर करता येते. पण अठराशेच्या नळासाठी अलिबागच्या चकरा कोण मारतो, पत्रानेच भागलेलं बरं.

खारं_वारं (तारकर्ली)

आमचं होमस्टे आहे. सगळ्या बाथरूमचे नळ एकदम घेतले, वर्षाच्या आत क्रोमवर पुटकुळ्या आल्या, हिरवट डाग, एकाचा तर आटा हातात आला. मी पण पत्र दिलं, तारीख बिल सगळं लिहिलं. उत्तर आलं की व्यावसायिक वापर आहे आणि पाणी मचूळ आहे, दोन्ही वॉरंटीत बसत नाही. कार्डाच्या मागे खरंच बारीक अक्षरात तसं लिहिलंय. बिल होमस्टेच्या नावाने केलेलं, त्यामुळे घरगुती म्हणायचीही सोय नाही. पण मला अजून पटलेलं नाही, किनाऱ्यावरच्या दुकानात किनाऱ्यावरच्या माणसाला माल विकायचा आणि खारं पाणी चालत नाही म्हणायचं? विकताना कोणी विचारलं होतं का विहीर समुद्रापासून किती लांब आहे?

पाना_आणि_टेप (रत्नागिरी)

आटा हातात आला म्हणता, तिथे तुटलेल्या जागी रंग कसा होता? तांबूस गुलाबी आणि ठिसूळ असेल तर खाऱ्या पाण्याने पितळातलं जस्त निघून गेलंय, हे आपल्या पट्ट्यात होतं. राखाडी दिसला तर ते पितळच नव्हे, जस्ताचा मिश्रधातू आहे, आणि बिलावर किंवा खोक्यावर पितळ लिहिलेलं असेल तर तुमची तक्रार वॉरंटीची राहतच नाही, सांगितलं एक आणि दिलं एक अशी होते. तुकडा टाकू नका.

खारं_वारं (तारकर्ली)

तुकडा आहे बहुतेक माळ्यावर. बघते.

गल्ल्यावरून (चिपळूण)

मी दुकानदार आहे, शिव्या खायला आलोय 🙏 आमची बाजू ऐका. नळ मी माझ्या खिशातून बदलत नाही, डिस्ट्रिब्युटरला जुना पीस, बिलाची कॉपी, फोटो पाठवला तर मला बदली माल मिळतो. गिऱ्हाईक काय करतं, प्लंबरकडून नळ काढून पिशवीत घालून आणतं. त्याच्यावर पाईप पान्याच्या दातांचे वण. कंपनी म्हणते फिटिंगमध्ये खराब केला, संपलं. म्हणून नळ भिंतीत असतानाच फोटो आणि थेंब धरतानाचा व्हिडिओ काढा, आणि काढायची वेळ आली तर फडकं गुंडाळून काढा. पत्रात "नळ अजून काढलेला नाही" लिहिलंय ते मला लाख मोलाचं वाटलं. अजून एक, जुना पीस आमच्याकडे दिलात की चिठ्ठी घ्या. माझ्याकडून पण घ्या. पोरं कामावर बदलतात, पीस भंगारात जातो आणि मग भांडण.

तोंडातून ठिबकणाऱ्या नळाचं मात्र वेगळं. नवीन लाईन धुवून न घेता नळ बसवतात, पीव्हीसीचा कीस नाहीतर जांभ्याच्या विहिरीतली बारीक माती सिरॅमिक डिस्कमध्ये अडकते, चरे पडतात. त्याला कंपनी नवीन नळ देत नाही, फार तर कार्ट्रिज. तुम्ही पत्रात बदली नळच मागितलात तर वाद वाढतो, कार्ट्रिज मागा, लवकर मिळेल.

वेतोबाचो_पावणो (वेंगुर्ला)

माका बिलच गावाक नाय. दुकानदार म्हणता बिल हाड, मी म्हणतंय तुझ्याच दुकानातून नेलंय, तू ओळखतंस माका. ओळखता, पण बिल हाड! पैसे फोनवरून दिलेले, तेची नोंद आसा.

काळा_कोट_नाही (अलिबाग)

त्या नोंदीवरून तारीख आणि रक्कम सिद्ध होते, कुठला नळ ते नाही. तरी पत्रात व्यवहार क्रमांक लिहा आणि दुकानदाराला सांगा या तारखेचं बिल कॉम्प्युटरमधून परत काढून दे. पक्कं बिल केलं असेल तर मिळतं. कच्च्या चिठ्ठीवर घेतला असेल तर अवघड आहे.

वेतोबाचो_पावणो (वेंगुर्ला)

कच्चीच आसतली मगे 😔 जीएसटी वाचवूक गेलंय.

मुंबईहून_गुहागर

मी गावी वर्षातून दोनदा जाते त्यामुळे हातात पत्र देणं शक्य नव्हतं. स्पीड पोस्टाने पाठवलं, पोचल्याची नोंद ट्रॅकिंगवर येते तिचा स्क्रीनशॉट ठेवला. व्हॉट्सॲपवर पण तेच पत्र पाठवलं, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. कंपनीला प्रत पाठवली नव्हती, ती गेल्यावर त्यांचा माणूस आला. पण बंद घर, शेजारच्या काकूंनी कुलूप उघडून दिलं, तर म्हणे पाण्याचा दाबच नाही, टाकी रिकामी, दोष दिसत नाही! लिहून गेला "नळ व्यवस्थित". बाहेरगावी राहणाऱ्यांनी टाकी भरायला सांगून ठेवा.

आता परत पत्र लिहायचंय. आधीच्या पत्राचा संदर्भ द्यायचा की सगळं नव्याने?

काळा_कोट_नाही (अलिबाग)

संदर्भ द्या, आधीच्या पत्राची तारीख लिहा, आणि त्यांच्या माणसाच्या रिपोर्टची झेरॉक्स लावून टाकी रिकामी होती हे काकूंच्या सहीने लिहून द्या. नव्याने लिहिलंत तर पहिली तारीख हातची जाईल.

माडाखालचा (देवगड)

माझा एक प्रश्न राहिलाच. बदलून दिलेल्या नळाला वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच पुढे चालते? दुकानदाराने बदलीच्या चलनावर काहीच लिहिलं नाही.

गल्ल्यावरून (चिपळूण)

आमच्याकडच्या कंपन्यांत जुन्या बिलाच्या तारखेपासूनच धरतात.

पाना_आणि_टेप (रत्नागिरी)

मी एका ठिकाणी नव्याने दिलेली पाहिलीय. कार्डावर काय छापलंय ते टाका इथे, आणि काही नसेल तर चलनावर आत्ताच लिहून घ्या, नंतर कोण लिहितो.

माडाखालचा (देवगड)

कार्ड दुकानदाराने पीसबरोबर पाठवलं. झेरॉक्स आहे पण फक्त पुढच्या बाजूची.