‘पक्के ५० लाख’ कुठून आले?

> ‘दरमहा ५००० ची एसआयपी, २० वर्षांत पक्के ५० लाख’ हे वाक्य व्हिडिओच्या स्क्रिप्टमध्ये ठेवू का? शेवटी डिस्क्लेमर आहेच, पण तो रोबोट बोलल्यासारखा वाटतो.

आकडेमोड बरोबर आहे, घोळ ‘पक्के’मध्ये आहे. ५० लाख येतात ते दरसाल १२ टक्के धरले तर. तो दर स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही, आणि इक्विटी फंडात त्याची हमी कोणी देऊही शकत नाही. तोच हिशोब ८ टक्क्यांनी करून बघा, साधारण साडेएकोणतीस लाख होतात. भरलेले पैसे दोन्हीकडे १२ लाखच.

मी स्क्रिप्ट तपासताना आधी ‘पक्के’, ‘हमखास’, ‘कधीच’, ‘सगळ्यांना’ हे शब्द पिवळे करतो. मग प्रत्येक आकड्यापुढे समासात लिहितो : हा कशावरून? उत्तर ‘कुठेतरी ऐकलं’ असेल तर वाक्य जातं. (अर्धी स्क्रिप्ट इथेच गळते, वाईट वाटून घेऊ नका.)

डिस्क्लेमर शेवटी ढकलता म्हणून तो रेल्वेच्या घोषणेसारखा वाटतो. दाव्याच्याच श्वासात बोला :

‘समजा १२ टक्के मिळाले, तर ५० लाखांच्या आसपास. ८ मिळाले, तर तीसही नाहीत. आणि महागाई ६ टक्के राहिली, तर त्या ५० लाखांची किंमत आजच्या साडेपंधरा लाखांएवढीच.’

हे ऐकताना कोणी व्हिडिओ पुढे ढकलत नाही, कारण हीच तर माहिती आहे. म्युच्युअल फंडाची ठरलेली सूचना लागू असेल तर ती मात्र शब्दशः ठेवा, तिथे कारागिरी नको.